वेटिंग तिकीट: आकड्याआधी यादी वाचा

‘दादा, हे कन्फर्म होईल का?’ एवढ्या एका ओळीसह तिकिटाच्या स्थितीचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या गटात येऊन पडतो आणि लगेच उत्तरे सुरू होतात. कोणी म्हणतो, ‘तेवीस आहे ना, होईल आरामात.’ कोणी म्हणतो, ‘गेल्या वर्षी आमचं बारा होतं, तरी झालं नाही.’ दोघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलत असतात. तरी दोघांचाही सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण दोघांनीही फक्त आकडा पाहिलेला असतो. तेवीस कोणत्या यादीतले, कोणत्या वर्गातले, प्रवासाला किती दिवस असतानाचे आणि कुठून निघून किती वेगाने तेवीसवर आलेले, हे कळल्याखेरीज त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. यातल्या बहुतेक गोष्टी त्याच स्क्रीनशॉटवर असतात, फक्त नजर तिकडे जात नाही.

एक उदाहरण धरून जाऊ. मुंबईतल्या एका कुटुंबातल्या तिघांना शनिवारी नागपुरात लग्नाला पोहोचायचे आहे. शुक्रवारी रात्री सव्वाआठला सीएसएमटीहून सुटणाऱ्या नागपूर दुरांतोचे, थर्ड एसीचे तिकीट त्यांनी प्रवासाच्या पंचेचाळीस दिवस आधी ऑनलाइन काढले. (आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी हीच मुदत एकशेवीस दिवसांची होती.) प्रवासाला बारा दिवस उरले असताना घेतलेल्या स्क्रीनशॉटवर तिघांपुढे दोन रकाने दिसतात. ‘Booking Status’ खाली GNWL 58, 59 आणि 60. ‘Current Status’ खाली WL 21, 22 आणि 23.

डावीकडचा आकडा तिकीट काढताना मिळालेला असतो आणि तो कधीच बदलत नाही. उजवीकडचा आजचा असतो. ‘आमचं अजून साठावरच आहे’ म्हणून घाबरलेली माणसे अनेकदा डावीकडचा रकाना वाचत असतात, म्हणून एवढे आधी बघून घ्यावे. पण डावा आकडा टाकाऊ नाही. दोन्ही आकडे मिळूनच यादी किती सरकली ते कळते. इथे तेहतीस दिवसांत सदतीस जागा सरकल्या. उरलेल्या बारा दिवसांत आणखी तेवीस सरकायला हव्यात.

त्या हिशेबाकडे जाण्याआधी W आणि L या अक्षरांच्या आधी काय लिहिले आहे ते पाहू, कारण माझ्या मते सगळ्या स्क्रीनशॉटमधली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. GNWL म्हणजे सर्वसाधारण प्रतीक्षायादी. गाडी जिथून सुटते त्या स्थानकापासून किंवा त्याच्या जवळपासून लांबवर जाणाऱ्यांना बहुधा हीच यादी मिळते. गाडीतल्या सर्वांत मोठ्या कोट्याशी ती जोडलेली असते. कोटा मोठा म्हणून त्यातली रद्द होणारी तिकिटेही जास्त, आणि तितकी ही यादी वेगाने पुढे जाते. RLWL ही वाटेतल्या एखाद्या महत्त्वाच्या स्थानकासाठी ठेवलेल्या वेगळ्या, छोट्या कोट्याची यादी. त्या कोट्यातल्याच कुणी तिकीट रद्द केले तर ती सरकते. सुरुवातीच्या स्थानकावर पन्नास जणांनी बेत बदलला तरी वाटेतल्या स्थानकावरच्या RLWL 8 वाल्याला त्याचा थेट उपयोग नाही. PQWL मध्ये अनेक लहान स्थानकांना मिळून एकच सामाईक कोटा दिलेला असतो. तो इतका लहान असतो की दहाच्या खालचा आकडाही भरवशाचा नसतो. TQWL ही तत्काळची प्रतीक्षायादी. कन्फर्म झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. साहजिकच ते फारसे कुणी रद्द करत नाही आणि यादी जागची हलत नाही. शिवाय गाडीचा अंतिम तक्ता लागताना रिकाम्या जागा आधी GNWL वाल्यांना मिळतात, बाकीचे त्यांच्या मागे.

म्हणून GNWL 23 पाहून मी ‘थांबा’ म्हणेन आणि PQWL 7 पाहून ‘आजच दुसरी सोय बघा’ म्हणेन. आकडा तिपटीहून मोठा असूनही पहिला माणूस जास्त सुरक्षित आहे.

आपल्या कुटुंबाचे प्रस्थान गाडीच्या पहिल्या स्थानकावरून आणि मुक्काम शेवटच्या स्थानकावर, म्हणून त्यांना GNWL मिळाली. पण कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचे पुण्याहून मधल्याच एखाद्या स्थानकापर्यंतचे तिकीट पाहिले तर दुसरीच यादी पुढे येऊ शकते. अशा वेळी जाणते प्रवासी तिकीट काढण्याआधी एक तपासणी करतात. गाडीच्या पहिल्या स्थानकापासूनचे तिकीट कोणत्या यादीत मिळते ते बघतात. ते GNWL असेल किंवा सरळ कन्फर्म मिळत असेल, तर तिकीट तिथून काढून ‘बोर्डिंग पॉइंट’ म्हणून आपले स्थानक निवडतात. भाडे जास्त अंतराचे पडते, पण हा मार्ग पूर्णपणे नियमातला आहे. बोर्डिंग स्थानक नोंदवायला मात्र विसरू नये. नोंदवलेल्या स्थानकावर प्रवासी चढला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

आता वर्ग. तेवीस हा आकडा स्लीपरमध्ये वेगळा, थर्ड एसीत वेगळा आणि फर्स्ट एसीत अगदीच वेगळा असतो. नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यात स्लीपरला ऐंशी आणि थर्ड एसीला बहात्तर बर्थ असतात. फर्स्ट एसीच्या पूर्ण डब्यात दोन डझनांच्या आसपास. समजा एखाद्या गाडीला थर्ड एसीचे सात डबे आहेत. म्हणजे पाचशे चार बर्थ. सगळे सर्वसाधारण कोट्यातले नसतात, तरी पाचशेच्या मानाने तेवीस ही लहान संख्या आहे. तेवढ्या लोकांचे बेत बदलणे सहज शक्य असते. फर्स्ट एसीच्या एका डब्यात तेवीसावा नंबर म्हणजे जवळपास अख्ख्या डब्याने तिकीट रद्द करण्याची वाट पाहणे. तिथे पाच हा आकडाही मला मोठा वाटतो. गाडीला कोणत्या वर्गाचे किती डबे आहेत हे गाडीच्या डबेरचनेत दिसते. ते एकदा बघून घेतले की अंदाजाला आधार येतो.

वेगाचा हिशेब करताना एक चूक हमखास होते. तेहतीस दिवसांत सदतीस, म्हणजे दिवसाला साधारण एक, तर बारा दिवसांत तेरा, आणि मग तेवीसमधले दहा उरतील, असा सरळ गुणाकार लोक करतात. यादी अशी एकसारखी सरकत नाही. प्रवासाला बरेच दिवस असताना रद्द करणारे थोडे असतात. शेवटच्या आठवड्यात रजा मंजूर झाली की नाही ते कळते, दोन गाड्यांत तिकिटे काढून ठेवलेले एक सोडतात, आणि कन्फर्म तिकीट रद्द करताना कापली जाणारी रक्कम प्रवास जवळ येईल तशी वाढत असल्याने ज्यांचे ठरले आहे ते पुढचा टप्पा लागण्याआधी उरकून घेतात. म्हणून शेवटच्या तीन-चार दिवसांत यादी बहुधा जास्त वेगाने धावते. शेवटची मोठी हालचाल तर तक्ता तयार होताना होते. वेगवेगळ्या राखीव कोट्यांतल्या न वापरलेल्या जागा, त्यात अधिकारी आणि लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने दिल्या जाणाऱ्या आपत्कालीन कोट्यातल्या उरलेल्याही आल्या, त्या वेळी मोकळ्या होतात. तक्त्याआधी पाच-सहावर अडकलेली GNWL तक्ता लागताच एका झटक्यात पूर्ण सुटलेली दिसते ती यामुळे.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे सण. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांतली कोकणाकडची गाडी किंवा दिवाळीच्या आदल्या रात्री मुंबई-पुण्याहून विदर्भाकडे जाणारी गाडी. तिथे ज्याच्या हातात कन्फर्म तिकीट आहे तो ते सोडत नाही. उलट दिशेच्या गाड्यांत त्याच दिवशी जागा असतात, यावरूनच हे कळावे. सणाच्या गर्दीत मी नेहमीच्या अंदाजाचा निम्मासुद्धा धरत नाही. तिथे आशा असते ती विशेष गाड्यांची किंवा गाडीला जोडल्या जाणाऱ्या जादा डब्याची. एक जादा थर्ड एसी डबा जोडला की यादी एका दिवसात कितीतरी आकड्यांनी खाली येते. पण ते कधी होईल हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही.

बारा दिवस आधीच्या त्या स्क्रीनशॉटवर माझे मत असे झाले असते: साधा आठवडा असेल तर GNWL 23, थर्ड एसी, होण्याची शक्यता न होण्यापेक्षा बरीच जास्त. पण पक्के नाही. तीन दिवस आधी पुन्हा पाहा.

इथे एक सूचना. पुन्हा पाहायचे म्हणजे नवा स्क्रीनशॉट मागायचा नाही. स्क्रीनशॉट हा घेतला त्या क्षणाचा असतो, आणि गटात फिरत फिरत आपल्याकडे येईपर्यंत तो दोन दिवसांचाही झालेला असू शकतो. घरच्या माणसाचे तिकीट असेल तर त्याच्याकडून दहा आकडी पीएनआर घ्यावा आणि रेल्वेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, किंवा 139 वर ‘PNR’ लिहून पुढे तो क्रमांक असा एसएमएस पाठवावा. मोठ्या, अनोळखी गटात मात्र पीएनआर दिसणारा स्क्रीनशॉट टाकू नये. त्या क्रमांकावरून कोणीही तिकिटाची स्थिती आणि गाडी-तारीख बघू शकतो.

तिकिटावरचा प्रश्नही थोडा बदलून विचारायला हवा. ‘कन्फर्म होईल का’ यापेक्षा ‘आरएसीपर्यंत येईल का’ हा खरा प्रश्न आहे. WL, मग RAC, मग CNF अशी ही चढण असते. आरएसी मिळाली म्हणजे गाडीत कायदेशीरपणे चढता येते आणि बसायला जागा नक्की असते. साइड लोअर बर्थवर दोघांना अर्धी-अर्धी जागा मिळते. वाटेत एखादा प्रवासी आला नाही तर पूर्ण बर्थही मिळू शकतो. भाडे मात्र पूर्ण लागते. तेव्हा WL 4 वर असलेल्याला प्रवासासाठी चारच जणांनी बाजूला होणे पुरेसे आहे, पूर्ण बर्थसाठी मात्र त्याच्या पुढे आरएसीत असलेल्या सगळ्यांची सोय आधी व्हावी लागते. तरुण माणसाला एक रात्र आरएसीवर काढता येईल. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ‘आरएसी झाली’ ही आनंदाची बातमी नाही, आणि पर्याय ठरवताना हा फरक धरायला हवा.

आता पर्यायाचा भाग. इथे सगळे काही एका घड्याळावर चालते आणि ते घड्याळ अलीकडे बदलले आहे. पूर्वी पहिला तक्ता गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागत असे. 2025 मध्ये ही वेळ आधी आठ तासांवर आणि नंतर आणखी मागे नेली गेली. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता आता आदल्या रात्रीच लागतो. म्हणजे आपल्या दुरांतोचा निकाल शुक्रवारी सकाळ ते दुपार यांच्या दरम्यान कळेल, तिन्हीसांजेला नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे, कारण ‘नाही’ असे कळले तर हातात अर्धा दिवस राहतो.

पण तत्काळ त्याआधी असते. गाडी सुरुवातीच्या स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी एसी वर्गांसाठी सकाळी दहाला आणि बिगर एसी वर्गांसाठी अकराला ते उघडते. आपल्या तिघांसाठी गुरुवारी सकाळी दहा. तक्त्याचा निकाल न कळताच तत्काळ काढायचे की नाही ते ठरवावे लागते. म्हणून खरा निर्णय बुधवारी रात्री घेऊन ठेवायचा. शिवाय जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी झालेले खातेच चालते. ज्याच्या खात्यावरून काढायचे त्याची पडताळणी आधीच झालेली असावी आणि ओटीपी येणारा फोन हाताशी असावा. गुरुवारी नऊ पन्नासला हे आठवले तर गाडी गेलीच म्हणायची.

समजा बुधवारी रात्री आपली यादी WL 4, 5 आणि 6 वर आली आहे. सात डब्यांच्या थर्ड एसीत, साध्या आठवड्यात, GNWL 4 ते 6 तक्त्यात निदान आरएसीपर्यंत जाण्याची शक्यता चांगली आहे, असे मी म्हणेन. तरी तत्काळ काढायचे का? हे शक्यतेवर नव्हे, न पोहोचण्याच्या किमतीवर ठरवायचे. तिघांपैकी एक नवरीची सख्खी मावशी असेल, तर दहापैकी दोन वेळा चुकणारा अंदाजही चालणार नाही. तिच्यापुरते तरी तत्काळ काढावे. नुसती भेटीगाठीची फेरी असेल तर थांबायला हरकत नाही.

तत्काळ कन्फर्म मिळाले, तर जुने वेटिंग तिकीट लगेच, तक्ता लागण्याआधी रद्द करावे. अनेकांचे पैसे इथेच जातात. वेटिंगवर असताना रद्द केले तर थोडे लिपिक शुल्क कापून पैसे परत मिळतात. पण ते तसेच ठेवले आणि तक्त्यात कन्फर्म झाले, की ते कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या अगदी तोंडावर रद्द करण्याची वेळ येते, आणि तेव्हा परतावा बराचसा किंवा पूर्णच बुडतो.

तत्काळ न काढणाऱ्यांसाठी रेल्वेची ‘विकल्प’ ही सोय आहे. त्यात सातपर्यंत पर्यायी गाड्या निवडून ठेवता येतात. तक्त्यात तिकीट वेटिंगवरच राहिले तर त्यांपैकी जागा असलेल्या गाडीत रेल्वे आपोआप सामावून घेऊ शकते, जास्तीचे भाडे न घेता. पण निवड विचारपूर्वक करावी. पर्यायी गाडी तुमच्या स्थानकाऐवजी त्याच शहरातल्या दुसऱ्या स्थानकावरून सुटणारी असू शकते, सीएसएमटीऐवजी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून, आणि ती बरीच उशिराचीही असू शकते. एकदा ती जागा मिळाली की मूळ गाडीत चढता येत नाही, आणि रद्द केली तर कन्फर्म तिकिटाप्रमाणे पैसे कापले जातात. शनिवारी दुपारचे लग्न गाठायचे असेल तर शनिवारी रात्री पोहोचवणारी गाडी या यादीत टाकूच नये.

रस्त्याचा पर्यायही आता पूर्वीपेक्षा बरा आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, सुमारे सातशे एक किलोमीटर, जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. शुक्रवारी दुपारी तक्ता पाहून संध्याकाळची बस पकडता येते. पण लग्नसराईत किंवा जोडसुट्टीत शुक्रवारच्या बसही भरतात. म्हणून बुधवारीच बसच्या जागा काढून ठेवाव्या आणि कंपनीची रद्द करण्याची अट नीट वाचावी. प्रत्येकाची अट वेगळी. शुक्रवारी दुपारी रद्द केल्यास किती परत मिळेल तेवढाच आकडा पाहायचा, कारण आपला निकाल तेव्हाच लागणार आहे. तो आकडा परवडत असेल तर तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा मानावा.

शुक्रवारी तक्ता लागला. तीन गोष्टी होऊ शकतात. तिघेही कन्फर्म किंवा आरएसी झाले तर बस रद्द करा. तिघेही वेटिंगवरच राहिले तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे लिपिक शुल्क वजा होऊन खात्यात येतात. तेच तिकीट खिडकीवरून काढलेले असेल तर मात्र ते आपोआप रद्द होत नाही, मुदतीत खिडकीवर जाऊन परत करावे लागते. आणि वेटिंग तिकीट हातात आहे म्हणून स्लीपर किंवा एसी डब्यात चढता येत नाही. तपासनीस दंड करून उतरवू शकतो किंवा जनरल डब्यात पाठवू शकतो. तिसरी शक्यता सर्वांत फसवी: दोघे आरएसी, एक वेटिंगवर. असे तिकीट आपोआप रद्द होत नाही. वेटिंगवाल्याचे नाव तक्त्यात राहते, पण त्याला जागेची हमी नसते. कोणीच जाणार नसेल तर ते स्वतः, वेळेत रद्द करावे लागते, नाहीतर पैसे गेले.

‘नाही’ असे कळल्यावर एक दार अजून उघडे असते आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. आयआरसीटीसीवर ‘Charts / Vacancy’ या ठिकाणी, ज्यांचा तक्ता लागला आहे त्या गाड्यांतले रिकामे बर्थ डब्यानिहाय दिसतात. तक्ता लागल्यानंतर उरलेल्या जागांचे आरक्षण गाडी सुटण्याच्या सुमारे अर्धा तास आधीपर्यंत चालू राहते. त्याच संध्याकाळच्या नागपूरकडच्या इतर गाड्या एकेक करून तिथे तपासाव्या. शेवटच्या क्षणी रद्द झालेली तिकिटे अशा गाड्यांत अधूनमधून सापडतात.

आयआरसीटीसी 2018 पासून कन्फर्म होण्याची टक्केवारीही दाखवते आणि खासगी अॅपही ती दाखवतात. ती पाहावी. आधीच्या आरक्षणांच्या नोंदींवरून ती काढलेली असते आणि साध्या दिवसांसाठी उपयोगी पडते. पण यंदा लग्नाची तिथी कोणती, जोडसुट्टी आली का, नेहमीची दुसरी गाडी त्या दिवशी रद्द आहे का, हे तुम्हाला जास्त चांगले ठाऊक असते. स्क्रीनवर सत्तर टक्के दिसले तर तीस टक्के वेळा घरीच राहावे लागेल, असा त्याचा अर्थ घ्यावा आणि पर्यायाशिवाय निघू नये. पुढच्या वेळी कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर त्याला आधी चार गोष्टी विचारा: यादी कोणती, वर्ग कोणता, तारीख कधीची, आणि गुरुवारी सकाळी दहाला तत्काळसाठी फोन कोणाच्या हातात असेल?